क्रीडादिनी पालकाने करायचं दोन मिनिटांचं भाषण: ‘जिंकणं महत्त्वाचं नाही’ हे वाक्य न वापरता

शाळेतून फोन येतो, “शनिवारी क्रीडादिन आहे, पालकांच्या वतीने तुम्ही दोन शब्द बोलाल का?” आपण हो म्हणून बसतो, कारण ऐन वेळी नाही म्हणायला काही सुचत नाही. रात्री वही उघडतो आणि पहिलं वाक्य आपसूक उतरतं: ‘मुलांनो, हार-जीत महत्त्वाची नसते, सहभाग महत्त्वाचा असतो.’

मीही तेच लिहिलं होतं. माझ्या दुसरीतल्या मुलीने ते मागे उभं राहून वाचलं आणि विचारलं, “मग पदकं कशाला आणली आहेत?”

मला उत्तर देता आलं नाही. ते पान फाडलं. त्यानंतर चार दिवसांत भाषण कसं तयार झालं, काय काय काढून टाकावं लागलं आणि मैदानावर काय झालं, ते इथे सांगते. सहा ते दहा वर्षांची मुलं, उघडं मैदान, हातात माईक आणि स्पर्धा सुरू होण्याआधीची दोन मिनिटं, असा प्रसंग मी धरला आहे. बहुतेक पालकांच्या वाट्याला हाच येतो.

ते वाक्य का चालत नाही

मूल मैदानावर काय बघतं ते त्याच्या उंचीवरून बघा. समोर एक-दोन-तीन असे आकडे लिहिलेला चौथरा आहे. टेबलावर पदकं मांडली आहेत. रेषेपाशी फीत धरून दोघे उभे आहेत, एक बाई घड्याळ आणि कागद घेऊन नंबर टिपणार आहेत. सगळं मैदान ओरडून सांगतंय की कोण पहिला येतो ते आज महत्त्वाचं आहे. आणि माईकवर एक काकू सांगते की ते महत्त्वाचं नाही. मूल मैदानावर विश्वास ठेवतं, आणि ते बरोबरच करतं.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. हे वाक्य मुलांनी आधी ऐकलेलं असतं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी हरल्यावर. हरलेल्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचं ते वाक्य. शर्यतीआधीच ते कानावर पडलं की मुलाला वाटतं, म्हणजे मी हरणार हे यांनी धरूनच ठेवलंय.

तरीही सहभागाबद्दल बोलायला हवंच. साधा हिशोब मांडून बघा. एका इयत्तेत चाळीस मुलं, आठ-आठच्या पाच फेऱ्या, त्यातून निवडलेल्या आठांची अंतिम फेरी, पदकं तीन. म्हणजे सदतीस मुलं रिकाम्या हाताने घरी जाणार. त्या सदतीस जणांसाठी तुम्ही बोलता आहात. पण उरलेले तिघेही समोरच बसलेले असतात आणि त्यांनी महिनाभर सराव केलेला असतो. त्यांच्या पदकाची किंमत कमी करून बाकीच्यांची वाढत नाही. भाषण दोघांनाही पटलं पाहिजे, अडचण एवढीच आहे.

आधी शाळेला विचारायच्या गोष्टी

लिहायला बसण्याआधी क्रीडाशिक्षकांना एक फोन करा. मी चार गोष्टी विचारल्या: भाषण स्पर्धांच्या आधी की बक्षिसांच्या वेळी, मुलं बसलेली असतील की संचलन करून उभी, माझ्या आधी किती जण बोलणार, आणि त्या दिवशी खेळ कोणकोणते आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत उपयोगी पडलं. ‘धावणं, पोत्याची शर्यत, लिंबू-चमचा, तीन पायांची शर्यत, रस्सीखेच’ एवढी यादी हातात आली आणि भाषणाची सुरुवात तिथेच मिळाली.

मुलं उभी असणार असतील तर दोन मिनिटांचं दीड करा. उन्हात उभं असलेलं मूल दीड मिनिटानंतर तुमचं ऐकत नाही, पाय बदलत असतं.

एकच मुद्दा, आणि तो कुठून आणायचा

माझ्या पहिल्या मसुद्यात सगळं होतं. व्यायामाचे फायदे, सांघिक भावना, माझ्या शाळेतली आठवण, ऑलिंपिकमधले दोन प्रसंग आणि शेवटी एक कविता. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून बघितलं तर पावणेपाच मिनिटं झाली. दोन मिनिटांत, मैदानावर बोलायच्या सावकाश गतीने, मराठीत साधारण दोनशे शब्द बसतात. तेवढ्यात एक मुद्दा मावतो, एक गोष्ट मावते आणि मुलांना करायला एक कृती मावते. बाकी सगळं काढावं लागतं.

ऑलिंपिकच्या गोष्टींबद्दल थोडं सांगते, कारण बहुतेक पालक तिकडेच वळतात. १९६८ च्या मेक्सिको सिटीतल्या मॅरेथॉनमध्ये टांझानियाचा जॉन स्टीफन अख्वारी पाय दुखावल्यावरही लंगडत शेवटपर्यंत गेला. १९९२ ला बार्सिलोनात डेरेक रेडमंडच्या मांडीचा स्नायू ४०० मीटरच्या उपांत्य फेरीत फाटला आणि त्याचे वडील प्रेक्षकांतून मैदानात उतरून त्याला धरून रेषेपर्यंत घेऊन गेले. दोन्ही प्रसंग मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी आणतात. सात वर्षांच्या मुलाला मात्र त्यातून कळतं ते एवढंच, की लागलं तरी थांबायचं नाही. गुडघा सोललेल्या मुलाने थांबून बाईंकडे यावं, असं शाळेला त्या दिवशी वाटत असतं. दहा-बारा वर्षांच्या मुलांना या गोष्टी सांगता येतील, त्याखालच्यांना नको. टोकियोत २०२१ मध्ये बार्शिम आणि टांबेरी या दोघांनी उंच उडीचं सुवर्ण वाटून घेतलं, तीही गोष्ट लोकांना आवडते. पण नीट बघा, ती जिंकलेल्यांची गोष्ट आहे. चौथ्या आलेल्या मुलाला तिचा काय उपयोग?

आणि ‘ऑलिंपिकमध्ये जिंकण्यापेक्षा भाग घेणं महत्त्वाचं’ हे आधुनिक ऑलिंपिक सुरू करणाऱ्या कुबर्तँ यांच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य. ते त्यांनी १९०८ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी, २४ जुलैला एका मेजवानीत उच्चारलं, आणि तेव्हाच सांगितलं की आधीच्या रविवारी सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये बिशप टॅलबट यांच्या प्रवचनात आपण ते ऐकलं. मुलांसाठी या वाक्यात काही नाही. पण त्याच्या आगेमागे मैदानावर काय घडत होतं ते वाचलं आणि मला माझी गोष्ट सापडली.

मेजवानीच्या आदल्या दिवशी, २३ जुलैला, ४०० मीटरची अंतिम शर्यत झाली. चार धावपटू होते, तीन अमेरिकेचे आणि ब्रिटनचा विंडहॅम हॅल्सवेल. तेव्हा या शर्यतीत प्रत्येकाची पट्टी वेगळी आखलेली नसे. शेवटच्या टप्प्यात जॉन कार्पेंटरने हॅल्सवेलची वाट अडवली असं पंचांचं म्हणणं पडलं. शर्यत रद्द झाली, कार्पेंटर बाद झाला, पुन्हा धावायचं ठरलं. उरलेल्या दोन अमेरिकन धावपटूंनी यायला नकार दिला. २५ जुलैला, म्हणजे ‘भाग घेणं महत्त्वाचं’ हे वाक्य उच्चारलं गेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, हॅल्सवेल एकटा धावला आणि सुवर्णपदक घेऊन गेला.

हे वाचलं तेव्हा मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. पदक आहेच, ते खोटं नाही. पण शेजारी कोणी नसेल तर शर्यतच नसते. ‘सहभाग’ हा जड शब्द एकदाही न वापरता तोच मुद्दा मुलांपर्यंत पोचवता येत होता.

मुद्दा मांडताना झालेली चूक

पहिल्यांदा मी तो असा लिहिला: ‘शेवटचा नंबर कोणाचा आलाच नाही, तर पहिला नंबर कोणाचा येणार?’ वाक्य टाळ्यांचं होतं. घरी म्हणून दाखवलं तर नवरा म्हणाला, “म्हणजे शेवटच्या मुलाचं काम काय, पहिल्याला पहिला करायचं?” वाक्य वरून उदार आणि आतून अपमानाचं होतं. शेवटी येणाऱ्या मुलाला ते सगळ्यांत आधी कळलं असतं. भाषणात ‘शेवटचा’, ‘हरलेला’, ‘मागे पडलेला’ यांतला कुठलाही शब्द आला की मुलं लगेच त्या शब्दाला एक चेहरा शोधतात, आणि वर्गात तो चेहरा ठरलेला असतो. म्हणून हे शब्द शोधून काढून टाका. मला तीन सापडले.

दुसरी चूक घरातली. मुलगी आदल्या वर्षी पोत्याच्या शर्यतीत पडली आणि उठून पुन्हा उड्या मारत गेली, तो प्रसंग मी घातला होता. मला कौतुक वाटत होतं. तिने ऐकलं आणि हळूच म्हणाली, “ते नको ना सांगू.” स्वतःच्या मुलाची गोष्ट सांगायची असेल तर त्याला आधी वाचून दाखवा, आणि त्याचं ‘नको’ म्हणजे नको. माईकवर ती गोष्ट दोन मिनिटांची असते, वर्गात वर्षभर पुरते.

पूर्ण भाषण

हे मी शेवटी बोलले ते. कंसातल्या सूचना स्वतःसाठी आहेत.

> नमस्कार. मी दुसरीतल्या एका मुलीची आई.
>
> आज कोण कोण धावणार आहे? हात वर! (थांबा) पोत्यातून उड्या मारणारे? (थांबा) लिंबू-चमचावाले? (थांबा) रस्सी ओढणारे? (थांबा) म्हणजे सगळेच. हात खाली.
>
> एक खरी गोष्ट सांगते. शंभर वर्षांहून जुनी. ऑलिंपिकची शर्यत होती. धावणारे किती? चार. धावता धावता एकाने दुसऱ्याची वाट अडवली. पंच म्हणाले, ही शर्यत धरायची नाही, पुन्हा धावा. ज्याने अडवलं त्याला बाहेर काढलं. आणखी दोघं होते, ते रागावले. म्हणाले, मग आम्ही येतच नाही!
>
> चारांतले उरले किती? (थांबा, उत्तर येऊ द्या) एक.
>
> तो एकटा रेषेवर उभा राहिला. एकटाच धावला. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, शेजारी कोणी नाही. आणि पहिला आला!
>
> आली असेल का मजा? (थांबा)
>
> आज तुमच्या शेजारी कोणीतरी असेल. ते आहेत म्हणून तुमची शर्यत आहे. तुम्ही आहात म्हणून त्यांची शर्यत आहे.
>
> म्हणून एक काम करा. रेषेवर गेलात की आधी शेजारच्याकडे बघा आणि म्हणा, ‘चल, धावू या.’ मग जोरात धावा. जिंकायलाच धावा! आणि रेषा ओलांडली की बाजूला व्हा, वळून बघा, कोण कोण येतंय. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवा.
>
> आत्ता करून बघू. शेजारी बघा. (थांबा) म्हणा... (हात कानाला) ‘चल, धावू या!’
>
> चला, धावा!

‘जिंकायलाच धावा’ हे मी मुद्दाम ठेवलं. त्याने ते पदकवाले तिघेही आपल्याबरोबर राहतात, आणि बाकीच्यांनाही कोणी आधीच सांत्वन करत नाही. सहभागाबद्दलच्या भाषणात हे कसं चालेल, असं एका पालकाने मला नंतर विचारलंही. मला वाटतं, जीव तोडून धावणं हाच सहभागाचा मोठा भाग आहे. रमतगमत चालत जाणाऱ्या मुलाने शेजारच्यालाही शर्यत दिलेली नसते.

गोष्टीत नावं, देश, वर्ष काही नाही. लिहिताना ‘विंडहॅम हॅल्सवेल’ होतं, पण ते नाव म्हणताना मीच अडखळत होते आणि मुलांना त्याचं काही नव्हतं. गोष्ट खरी आहे हे सांगितलं की पुरतं. कोणी नंतर विचारलं तर सगळं सांगता यावं, म्हणून तपशील मात्र डोक्यात ठेवा. चौथीतल्या एका मुलाने खरोखरच विचारलं.

सुरुवातीला ‘व्यासपीठावरील मान्यवर, आदरणीय मुख्याध्यापक, सर्व शिक्षकवृंद, पालकवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ हे नाही, तेही बघा. सूत्रसंचालकांनी ते आधी दोनदा म्हटलेलं असतं. ते नीट म्हणायला अर्धं मिनिट जातं, म्हणजे तुमचा पाव वेळ. सुनं सुनं वाटत असेल तर माईक घेण्याआधी व्यासपीठाकडे वळून नमस्कार करा, मान राखला जातो.

क्रीडाशिक्षकांना दाखवून घ्या

भाषण आदल्या दिवशी सरांना वाचून दाखवलं ते फार बरं झालं. माझ्या मसुद्यात ‘रेषेवर पोचलात की मागे वळून बघा’ असं होतं. सर म्हणाले, “ताई, रेषेवर थांबून वळली तर मागून येणारी पोरं येऊन आदळतील. आम्ही महिनाभर शिकवतोय की रेषेच्या पुढेही धावत राहायचं.” म्हणून ‘ओलांडली की बाजूला व्हा’ आलं. दुसरं त्यांनी सांगितलं की ‘चल, धावू या’ हे पंचांनी ‘सावधान’ म्हणायच्या आधी व्हायला हवं, नाहीतर बोलण्याच्या नादात शिट्टी चुकेल. म्हणून ‘गेलात की आधी’ आलं. तुमच्या भाषणात मुलांनी करायची कृती असेल तर ती मैदानाच्या शिस्तीत बसते का, हे ज्याला ते मैदान सांभाळायचंय त्यालाच विचारा.

तालीम आणि मैदानावरचा माईक

घरी तीनदा म्हणा, तिन्ही वेळा उभं राहून आणि मोबाईलवर वेळ लावून. पाठ करू नका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सहा शब्द लिहा. माझे होते: हात वर – चार धावपटू – एकटा – मजा? – शेजारी – चल. कागद मोठा असला की वाऱ्यात फडफडतो आणि माईकमधून तो आवाज सगळ्यांना ऐकू जातो.

उघड्या मैदानावर बोलणं हॉलपेक्षा वेगळं असतं, ते एका कारणाने. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, शंभर मीटरवर, दुसरा स्पीकर लावला असेल तर त्यातून तुमचाच शब्द जवळपास पाव-तृतीयांश सेकंद उशिरा तुमच्या कानावर परत येतो. आपण ‘नमस्कार’ म्हणून पुढे जातो आणि तेवढ्यात मागून ‘स्कार’ येतं. न कळत आपण आवाज चढवतो आणि घाई करतो, आणि मग मुलांना दोन वाक्यं एकात एक ऐकू येतात. उपाय सोपा आहे: छोटं वाक्य म्हणा, परतीचा आवाज येऊन जाऊ द्या, मग पुढचं म्हणा. वरच्या भाषणातली बरीच वाक्यं तीन-चार शब्दांची आहेत ती यासाठीच.

माईक तोंडापासून साधारण एक मूठ लांब आणि किंचित खाली धरा, म्हणजे श्वास थेट त्यात जात नाही. स्पीकरच्या पुढे चालत गेलात तर कर्कश शिट्टी येईल, तेव्हा मुलांच्या जवळ जायचा मोह झाला तरी स्पीकर कुठे आहे ते आधी बघून ठेवा. माईक बंद पडला तर ‘हॅलो, हॅलो’ करत बसू नका. हात वर करायला सांगा, ते न ऐकू येताही तुम्ही स्वतः हात वर केला की मुलं करतात. मग दोन पावलं पुढे जाऊन पहिल्या रांगांपुरतं शेवटचं वाक्य म्हणा.

समोर काय चाललंय ते कसं ओळखायचं

मुलं कंटाळली की बोलत नाहीत, खाली बघतात. बोटाने मातीत रेघा सुरू होतात, बुटाच्या नाड्या सुटतात आणि बांधल्या जातात. रांगेतली तीन-चार डोकी एकदम खाली गेलेली दिसली की गोष्ट तिथेच सोडा आणि थेट ‘शेजारी बघा’वर या. गोष्ट अर्धी राहिली तर बिघडत नाही, कृती राहता कामा नये.

प्रश्न विचारताना एक सापळा आहे. ‘आज कोणाला पहिलं यायचंय?’ असं उत्साहात विचारलं तर शंभर हात वर येतात, आणि पुढची दोन मिनिटं तुम्ही त्या शंभर हातांच्या विरुद्ध बोलता. ज्या प्रश्नाला प्रत्येक मूल खरं ‘मी’ म्हणू शकतं तोच विचारा. म्हणून खेळांची यादी आधी मागवायची.

तुमच्या आधी बोललेल्या पाहुण्यांनी ‘जग फक्त पहिल्याला लक्षात ठेवतं’ असं ठणकावून सांगितलं, तर त्यांना उत्तर द्यायला जाऊ नका. तुमची गोष्ट सांगा, मुलं आपापलं बघून घेतात.

कार्यक्रम लांबला आणि ‘ताई, अर्धं मिनिट’ असं कानाशी आलं, तर गोष्ट पूर्ण वगळा. ‘कोण धावणार आहे’, मग ‘शेजारी कोणी नसेल तर शर्यत होईल का?’, मग ‘चल, धावू या’. एवढं तीस सेकंदांत होतं. हे छोटं रूपही घरी एकदा म्हणून ठेवा, कारण अर्ध्या मिनिटाची वेळ येतेच.

भाषण बक्षिसांच्या वेळी असेल तर

तेव्हा हे भाषण चालणार नाही, कारण आता नंबर लागलेले आहेत. अशा वेळी दिवसभर खिशात छोटी वही ठेवा आणि नंबराशी संबंध नसलेल्या, पण डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टी टिपा. ‘पोतं पायातून सुटल्यावर थांबून ते पुन्हा चढवणारी मुलं मी मोजली, सात होती.’ ‘तीन पायांच्या शर्यतीत एक जोडी एक-दोन, एक-दोन असं मोजत चालली होती, बाकीचे धावून पडत होते.’ अशा तीन गोष्टी पुरतात. नाव घेऊ नका. ज्याचं आहे त्याला कळतं, आणि त्याच्या मित्रांनाही.

कौतुक कृतीचं करा, मुलावर शिक्का मारू नका. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढच्या अवघड कामात अपयश आल्यावर लवकर ढेपाळली, तर मेहनतीचं कौतुक झालेली जास्त टिकून राहिली. ते प्रयोग कोड्यांवर होते, मैदानावर नव्हते, तरी ‘तुम्ही सगळे चॅम्पियन आहात’ म्हणायच्या आधी मला ते आठवतात. शिवाय सगळेच चॅम्पियन असतील तर तो चौथरा कशासाठी, हा प्रश्न माझ्या मुलीसारखं कोणीतरी विचारणारच.

आणि सगळ्यांत मागून आलेल्या एकट्या मुलाला उभं करून टाळ्या वाजवायला लावू नका. हेतू चांगला असतो, पण ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांनाही त्याने कळतं की तो कितवा आला.

पालकांना काही सांगायचं असेल तर

मुलांसमोर माईकवरून पालकांना उपदेश नको, दोन्हीकडे तो वाया जातो. मी माईक ठेवून खाली आले आणि रेषेपाशी उभ्या असलेल्या चार-पाच जणींना म्हटलं, नाव घेऊन ओरडताना आपल्या मुलाबरोबर शेजारच्या लेनमधल्याचंही घेऊ या. दोघींनी घेतलं. एकीला शेजारच्या मुलाचं नाव माहीत नव्हतं, तिने “ए निळ्या बुटवाल्या, पळ!” म्हणून आरडाओरडा केला आणि तो मुलगा हसत हसत धावला.

घरी येताना गाडीत ‘कितवी आलीस?’ हा प्रश्न जिभेवर येतो. भाषण तुम्हीच केलेलं असतं, त्यामुळे निदान त्या दिवशी तो गिळावा लागतो. मी विचारलं, “शेजारी कोण होतं गं तुझ्या?”

“ती नवीन मुलगी. तिच्या बुटाची नाडी सुटली होती, मग मी ‘चल, धावू या’च्या आधी ‘थांब, नाडी बांध’ म्हटलं.”